69,600 डॉलर, 10 सप्टेंबर: कुडाळच्या काजू कारखान्याने वायदा घ्यावा की बँकेचा फॉरवर्ड?

सिंधुदुर्गात काजूचे कारखाने वर्षभर चालवायचे तर गावची काजू बी पुरत नाही. मार्च ते मे या तीन महिन्यांत जेवढी बी जमते तेवढी घ्यायची आणि पावसाळ्यासाठी आफ्रिकेतली बी मागवायची, असा बऱ्याच कारखान्यांचा रिवाज आहे. आफ्रिकेतली बी डॉलरमध्ये येते. माझ्याकडे अशा काही कारखान्यांचे आयातीचे कागद असतात. कुडाळजवळच्या एका मध्यम कारखान्याचे 2025 च्या पावसाळ्यातले प्रकरण इथे पूर्ण मांडते, कारण वायदा, म्हणजे एक्स्चेंजवर घेतलेला पुढच्या महिन्याच्या डॉलरचा करार, आणि फॉरवर्ड, म्हणजे ठरलेल्या तारखेच्या डॉलरसाठी थेट बँकेशी केलेला करार, यांतला फरक त्यात एकाच रकमेवर नीट दिसतो. तारखा कॅलेंडरप्रमाणे आहेत. डॉलरचे दर मात्र हिशोब सोपा जावा म्हणून गोल केले आहेत, ते त्या दिवसांचे अधिकृत दर म्हणून वाचू नयेत.

माल होता तीन वीसफुटी कंटेनर, प्रत्येकी 16 टन, म्हणजे 48 टन काजू बी. दर टनाला 1,450 डॉलर. बिल झाले 69,600 डॉलर. एलसी, म्हणजे विकणाऱ्याला पैसे मिळतील अशी बँकेची हमी, 90 दिवसांच्या मुदतीची होती आणि मुदत बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीच्या, तारखेपासून मोजायची होती. माल 12 जूनला जहाजावर चढला, म्हणून पैसे भरायची तारीख आली बुधवार, 10 सप्टेंबर.

16 जूनला आम्ही बसलो तेव्हा डॉलर 86 रुपये होता. काजूगराचे सौदे मालकांनी याच दराच्या अंदाजावर केले होते. सप्टेंबरपर्यंत डॉलर दोन रुपयांनी वर गेला तर 1,39,200 रुपये जादा लागणार होते, आणि 48 टनांच्या भरडीत सुटणाऱ्या नफ्याच्या मानाने ही रक्कम लहान नव्हती. डॉलरचा दर आजच बांधून टाकायचा हे लगेच ठरले. तो कुठे बांधायचा, यावर मात्र बराच वेळ गेला.

दोन दर, दोन तारखा

बँकेने 10 सप्टेंबरच्या फॉरवर्डला पहिला भाव दिला 86.70. ब्रोकरच्या स्क्रीनवर USDINR चा, म्हणजे डॉलर-रुपयाचा, सप्टेंबर वायदा 86.48 ला चालू होता. मालकांच्या मुलाने हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि म्हणाला, "इथेच 22 पैसे वाचतात, म्हणजे पंधरा हजार. मग बँक कशाला?"

हे दोन आकडे असे शेजारी ठेवता येत नाहीत, कारण ते एकाच दिवसाचे नाहीत. बँकेचा भाव 10 सप्टेंबरला हातात येणाऱ्या डॉलरचा आहे. सप्टेंबर वायद्याचा भाव महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसाचा, म्हणजे 30 सप्टेंबरच्या डॉलरचा आहे. डॉलर जितका पुढचा तितका त्यावर प्रीमियम, म्हणजे आजच्या दरावरचा वाढावा, जास्त चढतो, कारण रुपयातले व्याज डॉलरच्या व्याजापेक्षा जास्त आहे. 86.00 आणि 86.48 यांतला फरक 48 पैशांचा. 16 जूनच्या स्पॉट, म्हणजे चालू दराच्या, सौद्याचे डॉलर दोन कामकाजाच्या दिवसांनी, 18 जूनला मिळतात. तिथपासून 30 सप्टेंबरपर्यंत 104 दिवस होतात, म्हणजे दिवसाला अर्ध्या पैशाहून थोडा कमी प्रीमियम पडतो. 10 तारखेला डॉलर हवा असेल तर वीस दिवसांचा प्रीमियम, अंदाजे 9 पैसे, वजा करायला हवा. मग वायद्याच्या स्क्रीनवरूनच 10 सप्टेंबरचा बाजारभाव निघतो 86.39.

आता बँकेच्या 86.70 कडे पाहिले तर बँक आपल्यासाठी 31 पैसे ठेवते आहे हे दिसते. मुलाने पाहिलेल्या 22 पैशांपेक्षा हा फरक मोठा निघाला. माझ्या मते वायदेबाजाराचा लहान आयातदाराला सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे, त्यात एकही सौदा केला नाही तरी. भाव सर्वांसमोर असतो आणि एवढी वजाबाकी केली की बँकेशी कोणत्या आकड्यावर बोलायचे ते कळते. मालकांनी शाखेमार्फत ट्रेझरीशी, म्हणजे बँकेच्या डॉलरचे दर ठरवणाऱ्या विभागाशी, पुन्हा बोलणे केले, 86.39 चा हिशोब सांगितला आणि भाव 86.55 वर आला. 15 पैसे सुटले, म्हणजे 69,600 डॉलरवर 10,440 रुपये. फोन एकच करावा लागला.

लॉट आणि टिक

आता वायद्याची बाजू. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजवर डॉलर-रुपयाचा वायदा ऑगस्ट 2008 मध्ये सुरू झाला तेव्हापासून त्याचा लॉट 1,000 डॉलरचा आहे. अर्धा लॉट मिळत नाही. 69,600 डॉलरसाठी 69 घ्या किंवा 70 घ्या. सत्तर घेतले तर 400 डॉलर जास्त होतात, आणि जास्त होणे हे नुसते गणिताचे दुखणे नाही. रिझर्व्ह बँकेने 5 जानेवारी 2024 च्या परिपत्रकात स्पष्ट केले, आणि 3 मे 2024 पासून ते लागू आहे, की रुपयाच्या वायद्यामागे खरे देणे किंवा येणे असलेच पाहिजे. 10 कोटी डॉलरपर्यंत सौदा करताना कागद दाखवावा लागत नाही, पण आपल्याकडे तेवढे देणे खरोखर आहे याची जबाबदारी सौदा करणाऱ्यावर आहे. शिवाय तेच देणे दुसऱ्या कुठल्या करारात आधी बांधलेले नसावे. म्हणून लॉट 69 आणि 600 डॉलर उघडे, असेच धरावे लागते. बँकेच्या फॉरवर्डमध्ये हा प्रश्न येत नाही. 69,600 म्हणजे 69,600 चाच करार होतो, बिलात सेंट असतील तर सेंटांसकट.

भाव हलतो तो टिकने. या वायद्याची टिक 0.0025 रुपये, म्हणजे पाव पैसा आहे. स्क्रीनवर भाव चार दशांशांत दिसतो: 86.4800, त्यानंतर 86.4825, मग 86.4850. नवखा माणूस 0.0025 ला पाव रुपया समजतो आणि सगळा हिशोब शंभरपट चुकतो. 1,000 डॉलरच्या लॉटवर एका टिकची किंमत अडीच रुपये होते. 69 लॉटवर ती 172 रुपये 50 पैसे. डॉलर दहा पैसे हलला की चाळीस टिक होतात आणि 6,900 रुपये इकडचे तिकडे जातात. हा शेवटचा आकडा मी मालकांना कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिला. टिक रोज कोणी मोजत नाही, पण डॉलर दिवसाला दहा-वीस पैसे सहज हलतो आणि त्या हलण्याचे पैसे रोजच्या रोज द्यावे लागतात. ते कसे, ते पुढे येते.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. वायद्यात बहुतेक उलाढाल चालू महिन्यात असते. 2024 च्या नियमानंतर या बाजारातली एकूण वर्दळही खूप कमी झाली. त्यामुळे जूनमध्ये सप्टेंबरचा करार घ्यायला गेले की घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा भाव यांत मोठी फट दिसू शकते. पाच पैशांची फट म्हणजे वीस टिक, 69 लॉटवर 3,450 रुपये. घाईने बाजारभावाला ऑर्डर टाकली की ते गेलेच. मर्यादा घालून ऑर्डर टाकावी आणि ती तुकड्यातुकड्याने भरू द्यावी. दुसरा मार्ग असा, की जूनचा करार घ्यायचा आणि दर महिन्याला पुढच्या महिन्यात सरकवत न्यायचा. पण सरकवताना दर वेळी दोन सौदे होतात, दर वेळी त्या महिन्याचा प्रीमियम त्या वेळच्या भावाने द्यावा लागतो आणि तो आज बांधता येत नाही. तीन महिन्यांच्या देण्यासाठी मला सप्टेंबरचा करार थेट घेणेच बरे वाटते.

एक्स्पायरी महिनाअखेरीला नसते

"सप्टेंबरचा करार" म्हटले की तो 30 तारखेला संपेल असे वाटते. डॉलर-रुपयाच्या मासिक वायद्याचा शेवटचा व्यवहाराचा दिवस महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसाच्या दोन कामकाजी दिवस आधी असतो, आणि त्या दिवशी व्यवहार दुपारी साडेबाराला थांबतात. यामागे कारण आहे. आज ठरलेल्या स्पॉट सौद्याचे पैसे दोन कामकाजाच्या दिवसांनी हाती येतात. करार दोन दिवस आधी संपवला की त्याचे मूल्य बरोबर महिन्याच्या शेवटच्या दिवसावर येऊन बसते.

आमच्याकडे हे लक्षात ठेवायला एक खास कारण होते. 2025 मध्ये गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला, बुधवारी आली. ऑगस्टचा शेवटचा कामकाजाचा दिवस शुक्रवार, 29. त्याआधीचे दोन कामकाजाचे दिवस म्हणजे 28 आणि 26, कारण 27 ला सुट्टी. म्हणजे ऑगस्टचा करार हरतालिकेच्या दिवशी, मंगळवारी दुपारी साडेबाराला संपला. कोकणात त्या दिवशी कारखाना बंद, माणसे माटवी बांधण्यात गुंतलेली आणि बाजारातून गणपतीचे सामान आणायची धावपळ. "महिनाअखेरीला बघू" म्हणून ऑगस्टचा करार ठेवणाऱ्याला तो संपल्याचे गौरीविसर्जनानंतर कळले असते. सप्टेंबरचा करार याच नियमाने 26 तारखेला, शुक्रवारी संपणार होता.

आमचे देणे 10 सप्टेंबरचे. ऑगस्टचा करार त्याच्या आधीच संपतो, म्हणजे मधले पंधरा दिवस उघडे राहतात. सप्टेंबरचा करार पुरतो, पण तो 10 तारखेला मुदतीआधी विकून मोकळे व्हावे लागते. त्या दिवशी वायद्यात वीस दिवसांचा प्रीमियम अजून शिल्लक असतो. तो किती असेल हे जूनमध्ये नक्की सांगता येत नाही, अंदाज बांधता येतो. बँकेच्या फॉरवर्डला हा धोका नाही, कारण तारीख आपणच सांगितलेली असते. तारीख पक्की नसेल तर बँक एखाद्या महिन्याची खिडकीही देते, की या अवधीत कधीही डॉलर उचला. मुदतीच्या एलसीत तारीख पक्की होती, म्हणून ती लागली नाही.

"माका डॉलर होये, नुसतो फरक नको"

मालकांचे हे वाक्य मला अजून आठवते, कारण वायद्याच्या रोखीच्या हिशोबावर त्यांनी बरोबर बोट ठेवले होते. वायद्यात डॉलर मिळत नाही. करार मुदतीपर्यंत ठेवला तर शेवटच्या दिवसाच्या, एफबीआयएल ही संस्था जाहीर करते त्या डॉलरच्या संदर्भ दराशी तुलना होते आणि फक्त रुपयांतला फरक खात्यावर जमा होतो किंवा वजा होतो. जुलै 2018 पर्यंत हा संदर्भ दर रिझर्व्ह बँक स्वतः काढायची. आता साडेअकरा ते साडेबारा या तासातली कोणतीही पंधरा मिनिटे निवडून त्यातल्या खऱ्या सौद्यांवरून तो काढतात. ती पंधरा मिनिटे कोणती, हे आधी कोणालाच माहीत नसते.

म्हणजे एलसीचे 69,600 डॉलर शेवटी बँकेकडूनच, त्या दिवशीच्या दराने घ्यावे लागतात, आणि वायद्यातला फरक त्या खरेदीची भरपाई करतो. हे चालते, पण एका अटीवर: वायदा विकणे आणि बँकेकडून डॉलर घेणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी व्हायला हव्यात. सकाळी साडेनऊला वायदा विकला आणि बँकेचा दर शाखेतून दुपारी तीनला आला, तेवढ्यात डॉलर 15 पैसे वर गेला, तर 69,000 डॉलरवर 10,350 रुपये कुठलाही दोष नसताना जातात. तालुक्याच्या शाखेतून ट्रेझरीचा दर यायला वेळ लागतो. म्हणून बँकेचा दर फोनवर पक्का होत असताना वायद्याची विक्रीची ऑर्डर दुसऱ्या हाताने टाकायची, हीच रीत. ज्यांच्याकडे हे करायला दुसरा माणूस नाही त्यांनी वायद्याच्या भानगडीत पडण्याआधी विचार करावा.

रोजचे पैसे

माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा निकाल इथे लागला, भावावर नाही.

वायद्यात रोज संध्याकाळी शेवटच्या अर्ध्या तासाच्या सरासरी भावाने हिशोब होतो आणि दुसऱ्या दिवशी नफा-तोटा रोखीने जमा किंवा वजा होतो. ब्रोकरच्या खातेउताऱ्यात ही ओळ एमटीएम म्हणून दिसते. जूननंतर डॉलर थोडा उतरला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सप्टेंबर वायदा 85.78 पर्यंत आला असे धरा. 86.48 पासून 70 पैसे खाली, म्हणजे 48,300 रुपये तोपर्यंत खात्यातून गेलेले. हा खरा तोटा नाही, कारण डॉलरही तेवढाच स्वस्त झालेला आहे. पण डॉलरचा स्वस्तपणा 10 सप्टेंबरला खिशात येणार आणि वायद्याचे पैसे जुलैतच द्यायचे.

जुलैत काजू कारखानदाराकडे पैसा नसतो. मे अखेरपर्यंत गावची बी रोखीने घेतलेली असते, कॅश क्रेडिटची मर्यादा वरपर्यंत भरलेली असते आणि गर विकून पैसे यायला दिवाळीची मागणी सुरू व्हावी लागते. अशा वेळी सौद्यासाठी ब्रोकरकडे ठेवायचे सुरुवातीचे मार्जिन कितीही कमी असो, रोजची मागणी अडचणीत आणते. मी त्यांना असा हिशोब मांडून दिला: करारमूल्य 59,67,120 रुपये, त्याच्या अडीच टक्के धरले तर मार्जिनला दीड लाख, आणि डॉलर तीन रुपयांनी उतरला तर एमटीएमला 2,07,000. दोन्ही मिळून साडेतीन लाख रुपये सप्टेंबरपर्यंत हात न लावता बाजूला ठेवता येतील का? उत्तर नाही असेच होते.

पैसे वेळेवर गेले नाहीत तर ब्रोकर वाट पाहत नाही, तो सौदा विकून मोकळा होतो. सगळ्यात वाईट चित्र हेच आहे. जुलैत डॉलर खाली असताना सौदा तुटतो, 48,300 चा तोटा पक्का होतो, देणे उघडे पडते आणि ऑगस्टमध्ये डॉलर वर जातो. मग कारखानदाराला दोन्हीकडून फटका बसतो. हे होऊ घातले आहे हे ओळखायला भाव पाहत बसायची गरज नाही. खातेउताऱ्यातली एमटीएमची बेरीज आणि बाजूला ठेवलेली रक्कम यांतले अंतर आठवड्यातून एकदा पाहिले तरी पुरे.

बँकेने फॉरवर्डसाठी करारमूल्याच्या पाच टक्के, सुमारे तीन लाखांची मुदतठेव तारण मागितली. ही रक्कमही लहान नाही. पण मालकांकडे एलसीच्या मार्जिनपोटी ठेवलेली जुनी ठेव होती, तीच बँकेने यालाही जोडून घेतली, आणि ठेवीवर व्याज चालू राहिले. मध्ये डॉलर कुठेही गेला तरी सप्टेंबरपर्यंत एक रुपया मागितला जाणार नव्हता.

10 सप्टेंबरचा हिशोब

मालकांनी 86.55 ला फॉरवर्ड घेतला. 10 सप्टेंबरला बाजारात त्याच दिवशी मिळणारा डॉलर 88.10 होता. फॉरवर्डप्रमाणे 69,600 डॉलरचे 60,23,880 रुपये खात्यातून गेले आणि एलसी फिटली.

वायदा घेतला असता तर काय झाले असते, हे मी त्याच दिवशी कागदावर काढून पाहिले. सप्टेंबर वायदा 88.19 ला होता, म्हणजे शिल्लक प्रीमियम अंदाजाप्रमाणे 9 पैसे. 86.48 पासून वाढ 1 रुपया 71 पैसे, म्हणजे 684 टिक. एका लॉटला 1,710 रुपये, 69 लॉटला 1,17,990 रुपये नफा. बँकेने 88.10 वर आपले 15 पैसे धरून 88.25 ने डॉलर दिले असते, त्याचे 61,42,200 रुपये. नफा वजा केला की राहतात 60,24,210.

दोन वाटांत फरक 330 रुपयांचा. वायद्याच्या बाजूला ब्रोकरेज अजून धरलेलेच नाही. 69 लॉट घेऊन विकायचे म्हणजे दोन्ही बाजूंचे 138 लॉट, एका लॉटला 15 रुपये धरले तरी दोन हजारांवर जाते. फॉरवर्डलाही बँकेचा करार नोंदवण्याचा छोटा खर्च असतो.

हा फरक एवढा कमी का निघाला ते पाहण्यासारखे आहे. वायद्यात 48 पैसे प्रीमियम दिला आणि विकताना 9 परत मिळाले, म्हणजे 39 पैसे. फॉरवर्डमध्येही बाजाराचा प्रीमियम 39 पैसेच होता. बँकेची कमाई फॉरवर्डमध्ये 16 पैसे आणि वायद्याच्या वाटेवर शेवटच्या डॉलर खरेदीत 15 पैसे. वायदा घेतला म्हणजे बँकेची ही कमाई टळली असे लोक समजतात, पण डॉलर बँकेकडूनच घ्यायचा असतो तेव्हा ती टळत नाही. बाकी राहिले उघडे 600 डॉलर, ज्यांच्यावर 1 रुपया 71 पैशांनी 1,026 रुपये जादा गेले असते. वायद्याची वाट महाग दिसते ती मुख्यतः या लॉटच्या शेपटीमुळे. डॉलर उतरला असता तर याच 600 डॉलरवर फायदा झाला असता.

86.70 चा पहिला भाव मालकांनी घेतला असता तर मात्र गणित उलटले असते. तेव्हा फॉरवर्डचे 60,34,320 झाले असते आणि वायदा दहा हजारांनी स्वस्त ठरला असता. म्हणून ज्या व्यापाऱ्याला बँक भाव कमी करून देत नाही त्याचा निर्णय वेगळा येऊ शकतो. माझ्याकडे आंब्याचा पल्प पाठवणारे एक निर्यातदार आहेत. त्यांची येणी बारा-पंधरा हजार डॉलरची असतात आणि एवढ्या लहान रकमेवर ट्रेझरी घासाघीस करायला तयार होत नाही, 40 पैशांपर्यंत धरते. त्यांना बारा लॉट विकून ठेवणे परवडते, कारण बारा लॉटवर तीन रुपयांची उलटी चाल 36,000 रुपयांची आहे आणि आंबा संपल्यावर त्यांच्या हाती पैसा असतो. तेही गोल हजारात इन्व्हॉइस करायचा प्रयत्न करतात, म्हणजे लॉटची शेपटी उरत नाही.

फॉरवर्डची एक गोष्ट राहिली, ती मालकांना करार करतानाच सांगितली होती. फॉरवर्ड हा देण्याचा करार आहे. 10 सप्टेंबरला माल नाकारला गेला असता किंवा एलसी रद्द झाली असती, तरी करार उरतोच. तो बँकेकडे रद्द करावा लागतो आणि त्या दिवशीच्या भावाने फरक द्यावा किंवा घ्यावा लागतो. डॉलर 85 वर असता तर 69,600 डॉलरवर दीड रुपयाहून जास्त फरक आपल्याला भरावा लागला असता. तारखेला काहीच कळवले नाही तर बँक काही दिवसांत स्वतःहून करार रद्द करते आणि वसुली खात्यातून करते. म्हणून 8 आणि 9 सप्टेंबरसाठी कारखान्याच्या दिनदर्शिकेवर फक्त एवढेच लिहून ठेवले होते: फॉरवर्डचा क्रमांक, 69,600, आणि "शाखेत पत्र द्या, एलसीला जोडा". 8 तारखेला ईदच्या बदललेल्या सुट्टीमुळे बाजार बंद निघाला, म्हणून पत्र 9 ला गेले.

पुढच्या हंगामासाठी त्यांनी बँकेकडे फॉरवर्डची वेगळी मर्यादा मागायचे ठरवले आहे, म्हणजे ठेव अडकणार नाही. आणि मुलगा दर सोमवारी वायद्याचा सप्टेंबर भाव वहीत लिहून ठेवतो, दिवसाचा प्रीमियम त्याच्या शेजारी.